दुपारी तीनला जांभई, पाचला बत्ती गुल: चहा-बिस्किटांचं निदान

तक्रार नेहमी एकाच शब्दात येते: "दुपारी झोप येते." मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. घरून काम करणारे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे लोक माझ्याकडे ही तक्रार घेऊन येतात, तेव्हा मी आधी घड्याळ विचारते. नेमकी किती वाजता? जेवणानंतर किती वेळाने? बहुतेकांना सांगता येत नाही. "दुपारभर" एवढंच उत्तर मिळतं. पण दुपारभर येणारी झोप एक नसते. त्यात निदान दोन वेगवेगळे बिघाड मिसळलेले असतात आणि दोघांना एकच औषध दिलं की एक बरा होतो, दुसरा तसाच राहतो. मग माणूस म्हणतो, "मी भात सोडून बघितला, काही उपयोग झाला नाही."

माझ्या भाच्याचंच उदाहरण घेते. वय 27, घरून काम, वजन बेताचं, मधुमेह नाही. सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडतो. सव्वाला जेवतो: तीन पोळ्या, भाजी, आमटी, आणि शेवटी भाताचा बऱ्यापैकी डोंगर. अडीच-पावणेतीनला डोळे मिटायला लागतात. चारला चहा आणि सहा मारी बिस्किटं. त्यानंतर अर्धा-पाऊण तास गडी जोरात असतो. पावणेसहाला मात्र डोकं चालेनासं होतं, हात आपोआप भडंगाच्या पुड्याकडे जातो, आणि साडेसहाला कॉफी. रात्री एकपर्यंत झोप नाही, म्हणून सकाळी आठला कसाबसा उठतो. "मामी, मी जेवण अर्धं केलं तरी झोप येतेच," म्हणाला.

आधी घड्याळ आणि वही

त्याला मी तीन दिवस फक्त लिहायला सांगितलं. काय खाल्लं, किती वाजता, आणि डोळे जड झाले ती वेळ. खाण्यात काहीही बदल करायचा नाही. तिसऱ्या दिवशी वहीत चित्र स्पष्ट होतं: एक झोप जेवणानंतर सव्वा-दीड तासाने, दुसरी चहा-बिस्किटांनंतर पावणेदोन तासांनी.

पहिली झोप बरीचशी आपल्या शरीराच्या घड्याळाची असते. दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणसाची तरतरी थोडी उतरतेच, अगदी जेवला नाही तरी. म्हणून अर्धं जेवून तिला पूर्ण घालवता येत नाही. जेवण जड असेल, त्यात पिष्ट फार असेल, तर ती उतरण जास्त खोल होते. रात्रीची झोप अपुरी असेल तर आणखी खोल. भाच्याच्या बाबतीत रात्री एकला झोपणं हा या पहिल्या झोपेतला मोठा वाटेकरी होता.

दुसरी झोप मात्र सरळ ताटातून, खरं तर बशीतून, आलेली होती. ते पटवायला त्याच्या आईचं ग्लुकोमीटर कामी आलं.

पहिल्याच सुईला गंमत झाली. जेवणाआधीचा आकडा 178 आला आणि घरात एकच धांदल उडाली. मी विचारलं, "हात धुतलेस?" धुतले नव्हते. पाच मिनिटांपूर्वी संत्रं सोललं होतं. बोटावर फळाचा रस असला की तीच साखर पट्टीवर उतरते. साबणाने हात धुऊन, नीट पुसून दुसऱ्या बोटाला टोचलं, तर 91. घरी मोजणार असाल तर ही चूक आधी लक्षात ठेवा. दुसरं असं की घरगुती मीटर पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतं, म्हणून पाच-दहा आकड्यांच्या फरकावरून काही ठरवू नका.

जेवण सुरू केल्यापासून एका तासाने 152, दोन तासांनी 117. म्हणजे जेवणानंतरची साखर निरोगी माणसाची असावी तशीच होती. पहिल्या झोपेचं खापर साखरेवर फोडता येत नव्हतं. पुढे चारच्या चहाआधी 98. चहा आणि सहा बिस्किटांनंतर पाऊण तासाने 149. पावणेसहाला 79. आता 79 म्हणजे साखर कमी झाली असं अजिबात नाही, 70 च्या खाली गेली तर कमी म्हणतात. पण तासाभरात 149 वरून 79 ही उतरण चांगलीच तीव्र आहे, आणि अशा उतरणीनंतर भूक लागते, मन लागत नाही, काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. त्याचं भडंग बरोब्बर त्याच वेळी निघत होतं.

"हलकं" खाण्याचा घोटाळा

आपल्याकडे चारच्या खाण्यासाठी "हलकं" हा शब्द फार वापरतात. हलकं म्हणजे वजनाला हलकं. मारी हलकी, टोस्ट हलका, खारी हलकी, चुरमुरे तर फुंकर मारली तरी उडतात. पण पोटात गेल्यावर वजन मोजलं जात नाही, पिष्ट किती लवकर फुटतं ते मोजलं जातं. जे फुलवलेलं, मैद्याचं किंवा बारीक दळलेलं आहे ते झटपट फुटतं आणि साखर होऊन रक्तात उतरते. चुरमुरे म्हणजे फुलवलेला तांदूळ. त्यात प्रथिनं नावाला, तंतू नगण्य. राजगिऱ्याच्या लाह्यांत प्रथिनं थोडी जास्त, पण पिष्ट तसंच झटपट फुटतं, आणि लाडू असेल तर वर गूळ. मखाण्याचं हल्ली फार कौतुक आहे. तो वाईट नाही, पण त्यातही तीन-चतुर्थांश पिष्टच असतं, हे कोणी सांगत नाही.

मारीचा हिशोब मी भाच्याला कागदावर करून दाखवला. सहा बिस्किटं साधारण 33 ग्रॅम. पाकिटाच्या मागे दर 100 ग्रॅमला काय आहे ते छापलेलं असतं, त्यावरून काढलं तर सहा बिस्किटांत सुमारे 25 ग्रॅम कर्बोदकं निघाली, त्यातली सात-एक ग्रॅम सरळ साखर. म्हणजे एक पोळी आणि वर दीड चमचा साखर, तीही मैद्याची पोळी. चारला कोणी ताटात साखर-पोळी वाढली असती तर तो म्हणाला असता, "मामी, आत्ताच तर जेवलो!" बिस्किटं असल्यामुळे कोणी मोजत नाही.

चहाचंही तसंच. दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. दिवसाला चार कप, चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली वरून घातलेल्या साखरेबद्दल जी शिफारस केली, तिच्यानुसार दिवसभराच्या उष्मांकांत अशी साखर दहा टक्क्यांच्या खाली असावी, आणि पाच टक्क्यांच्या खाली, म्हणजे साधारण 25 ग्रॅमच्या आत, असेल तर अधिक चांगलं. इथे नुसत्या चहातच ते ओलांडलं होतं. गुळाचा चहा केला तर? गूळही बहुतांश तीच साखर आहे. चव वेगळी, रक्तातला हिशोब जवळपास तोच.

पाकीट वाचताना आणखी एक शब्द शोधा: माल्टोडेक्स्ट्रिन. "साखर नाही" असं पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेल्या डायजेस्टिव्ह किंवा प्रोटीन प्रकारातल्या बऱ्याच वस्तूंत हे असतं. साखरेच्या रकान्यात ते धरलं जात नाही, पण ग्लुकोज मात्र साखरेइतक्याच वेगाने वाढवतं.

चारची बशी बदलली ती अशी

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय लागू पडलं ते कळत नाही. म्हणून पहिला आठवडा जेवणाला हात लावला नाही, कॉफीलाही नाही. फक्त बिस्किटांच्या जागी फुटाणे आणि शेंगदाणे.

प्रमाण नीट सांगते, कारण गडबड इथेच होते. सालासकट फुटाणे दोन भाग, भाजलेले शेंगदाणे एक भाग. दोन्ही मिळून एक छोटी आमटीची वाटी, काठाच्या जरा खाली, साधारण 40 ग्रॅम. यातून आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि तंतूही चांगले मिळतात. हरभऱ्याचं पिष्ट सावकाश फुटतं, शेंगदाण्यातलं तेल पोट सावकाश रिकामं करतं. फुटाण्यांची सालं पाखडून टाकू नका, निम्मे तंतू त्यातच आहेत. शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर दाण्यावर तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजायचे, खारे-मसाल्याचे विकतचे नकोत. ते हातात आले की थांबवत नाही.

आणि डबा टेबलावर नाही, वाटी टेबलावर. हा नियम भाच्याने पहिल्या दोन दिवसांतच मोडला. बरणी लॅपटॉपशेजारी ठेवली आणि मीटिंग संपेपर्यंत अर्धी केली. शेंगदाण्याच्या 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात, त्यामुळे झोप गेली आणि वजन आलं असं व्हायला वेळ लागत नाही. वर पोटही फुगलं. सवय नसताना एकदम एवढे फुटाणे खाल्ले की वात होणारच. मग अर्ध्या वाटीवर आणलं, चावून खायला सांगितलं, आणि आठवडाभरात पोट रुळलं. ज्यांना फुटाणे मुळीच सोसत नाहीत त्यांनी मोड आलेले मूग पाच-सात मिनिटं वाफवून, लिंबू पिळून घ्यावेत, किंवा सरळ एक-दोन उकडलेली अंडी. दिवस फळाचा असेल तर पेरू. तो सालीसकट, बियांसकट चावून खायचा असतो, त्याचा रस काढला की पेरूचं निम्मं काम गेलं. सोबत चार शेंगदाणे असले की उत्तम.

याच आठवड्यात पुन्हा मोजलं. चारला 96, पाऊण तासाने 113, पावणेसहाला 94. चढ नाही म्हणून उतारही नाही. तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं तरी आकड्यांचा आकार तोच राहिला. संध्याकाळचं भडंग कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं. ते आपोआप मागे पडलं.

चहाची साखर दुसऱ्या आठवड्यात धरली. दोनवरून एकदम शून्यावर आणू नका, त्याने चहा कडू लागतो आणि चौथ्या दिवशी माणूस पूर्ववत होतो. दोनचा दीड, मग एक, मग अर्धा, प्रत्येक टप्प्याला चार-पाच दिवस. आलं किंचित जास्त घातलं की फरक कमी जाणवतो. भाचा अर्ध्यावर थांबला. त्याखाली जायला तयार नाही, आणि मी आग्रहही केला नाही. चार कपांचे दहा ग्रॅम होतात, तेवढं चालतं.

उपवासाचा दिवस

इथे वेगळा बिघाड होतो, कारण फुटाणे चालत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नाहीतच म्हटलं तरी चालेल. खिचडीत दाण्याचं कूट असतं म्हणून थोडं सावरतं. दुपारी खिचडी, चारला साबुदाण्याचा वडा किंवा राजगिऱ्याचा लाडू, असा दिवस झाला की संध्याकाळी डोकं धरून बसणं ठरलेलं. दुपारी वरी आणि दाण्याची आमटी घ्या, आमटी जास्त आणि वरी कमी. चारला वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

काय प्यायचं

पाण्याबद्दल फार लिहीत नाही. एसीत बसून तीन-चार तास पाणी प्यायचं राहतं आणि त्याचाही थकवा येतो. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर आधी पाणी, मग बाकीचं निदान.

ताकाची बदनामी आहे की ताक प्यायलं की झोप येते. मला तरी ताकाआधी खाल्लेल्या ताक-भाताचा संशय जास्त येतो. चारला पातळ ताक, चिमूटभर सुंठ आणि जिरेपूड घालून, छान चालतं. कोकमाचं मात्र नीट बघून घ्या. बाजारात दोन बाटल्या मिळतात. कोकम सरबत म्हणजे साखरेचा पाक, आणि कोकम आगळ म्हणजे बिनसाखरेचा, मीठ घातलेला रस. कोकणातल्या घरांत सोलकढीला तेच वापरतात. आगळाचे दोन चमचे ग्लासभर थंड पाण्यात, वर जिरेपूड, की झालं. वरून मीठ घालू नका, ते आगळात असतंच. रक्तदाब असेल तर आगळ आणि खारं ताक दोन्ही जपून. शहाळ्यात थोडी साखर असते, तरी एखादं चालतं. उसाचा रस आणि डब्यातले फळांचे रस हे पेय नाहीत, गोडाचा पदार्थ आहेत, तसेच मोजा.

नाचणीची आंबील "आरोग्यदायी" म्हणून भांडंभर पिणारेही भेटतात. नाचणी चांगलीच, पण तिचं बारीक पीठ पाण्यात शिजवून पातळ केलं की ती भाकरीपेक्षा खूप लवकर पचते. ताकातली, बिनगुळाची, छोटा कप, एवढ्यावर ठेवा.

आता कॉफी. भाच्याच्या गोष्टीतला खरा खलनायक साडेसहाची कॉफी होती. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. म्हणजे साडेसहाची अर्धी कॉफी रात्री साडेअकरालाही अंगात असते. झोप उशिरा लागते, सकाळी अपुरी राहते, दुपारची उतरण खोल होते, मग पुन्हा कॉफी. असं चाक फिरत राहतं. म्हणून शेवटचा चहा-कॉफीचा कप चारच्या आत, हा तिसऱ्या आठवड्यातला बदल. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी डोकं जड झालं. ते कॅफिन तुटल्याचं दुखणं असतं आणि आपोआप जातं.

चहा जेवणाला लागूनही नको, तासभर अंतर ठेवा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह कमी शोषलं जातं, आणि आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. त्याचा थकवा मग "जेवणाची सुस्ती" म्हणून खपून जातो.

उरलेली पावणेतीनची झोप

ती पूर्ण जात नाही, हे आधीच मान्य करा. कमी करता येते. आपल्या ताटाची सुरुवात वरण-भाताने होते, भाच्याच्या घरी शेवट भाताने होतो. क्रम बदलायला सांगितला. आधी कोशिंबीर आणि उसळ किंवा आमटीतली डाळ, मग पोळी-भाजी, आणि भात शेवटी, एक मूद. भाजी-डाळ आधी पोटात असली की मागून येणारं पिष्ट सावकाश उतरतं. ताटातले पदार्थ तेच राहतात, त्यामुळे घरात भांडण होत नाही.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं हा दुसरा उपाय. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. भाचा पहिला फोन आता गच्चीत फेऱ्या मारत घेतो. तरीही डोळे मिटत असतील तर सरळ वीस मिनिटांचा गजर लावून पडा. पडण्याआधी अर्धा कप चहा घेतला तर त्याचा असर सुरू व्हायला तेवढाच वेळ लागतो आणि उठताना तो हाताशी असतो. मात्र ही झोप तासाची झाली की उठल्यावर सुस्ती वाढते आणि रात्रीची झोप बिघडते.

घरी निदान थांबवायचं कधी

जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी साखर वारंवार 140 च्या वर दिसत असेल, तहान आणि लघवी वाढली असेल, तर फुटाण्यांचे प्रयोग बाजूला ठेवून प्रयोगशाळेत उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी तपासा. रात्री जोरात घोरत असाल आणि आठ तास झोपूनही दुपारी गळून जात असाल, तर कारण ताटात नाही, झोपेत श्वास अडकत असण्याची शक्यता आहे. शाकाहारी मंडळींनी बी12, आणि सगळ्यांनीच हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा बघून घ्यावं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी12 हमखास. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांना दुपारी घाम, थरथर, धडधड झाली तर ती सुस्ती नव्हे, साखर खाली गेलेली असू शकते. त्यांनी ताबडतोब साखर-पाणी घ्यायचं आणि मग डॉक्टरांना विचारायचं. चारच्या खाण्यात स्वतःहून बदल त्यांनी करू नये.

भाच्याची गाडी आता पाचव्या आठवड्यात आहे. पावणेतीनला एक-दोन जांभया अजून येतात. पावणेसहाचं तेवढं सुटलं. मारीचा पुडा घरात येतो, पण तो त्याच्या आजोबांच्या कपाटात असतो, आणि शनिवारी दोघं मिळून दोन-दोन खातात. त्या दिवशी त्याच्या चहात साखर नसते, असं तो सांगतो.